पुनर्मूल्यांकनाच्या सूचनेतील तीन ओळी

वाचकाचे पत्र:

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पाचव्या सत्रात कॉस्ट अकाउंटिंगमध्ये नापास झाले, म्हणून तीन विषयांचे पुनर्मूल्यांकन टाकले. त्याच्या निकालाची सूचना कॉलेजच्या फलकावर लागली आहे. कॉस्ट अकाउंटिंगमध्ये ७५ पैकी २२ चे ३४ झाले, बिझनेस इकॉनॉमिक्समध्ये ४१ चे ३५ झाले आणि एक्स्पोर्ट मार्केटिंगपुढे ‘नो चेंज’ असे आहे. पण एक्स्पोर्टच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत माझ्याकडे आहे आणि तिच्यात चौथ्या प्रश्नाचे एक उत्तर तपासलेलेच दिसत नाही. पोर्टलवर अजून जुनाच निकाल आहे. कॉस्टचा रिपीटरचा फॉर्म मी आधीच भरला आहे आणि तो पेपर बारा दिवसांवर आला आहे. मी पास आहे असे समजू का? इकॉनॉमिक्सचे जुने गुण ठेवता येतील का? आता नक्की काय करू?
– सहाव्या सत्रातील विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

उत्तर:

कॉस्ट अकाउंटिंगमध्ये तुम्ही उत्तीर्ण झाला आहात, हे आधी निःशंकपणे सांगतो. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या गुणपत्रिकेच्या प्रतीवर लेखी परीक्षेसाठी ७५ पैकी ३० आणि अंतर्गत मूल्यमापनासाठी २५ पैकी १० अशी उत्तीर्णतेची मर्यादा छापलेली आहे. तुमचे अंतर्गत गुण १४ आहेत आणि लेखी गुण आता ३४ झाले आहेत, त्यामुळे दोन्ही निकष पूर्ण होतात. मात्र सूचनेतले ‘उत्तीर्ण’ आणि विद्यापीठाच्या नोंदीतले ‘उत्तीर्ण’ यांच्यामध्ये काही कागदांचा प्रवास असतो आणि तो प्रवास आपोआप पूर्ण होतोच असे नाही. मी एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात बरीच वर्षे काम केले आहे. पुनर्मूल्यांकनात पास झालेली एक मुलगी पदवी प्रमाणपत्राचा अर्ज भरायला आली तेव्हा तिच्या नावापुढे अजून जुनेच ‘एफ’ उभे होते, हे मी त्या खिडकीवर पाहिले आहे. फलकावरची सूचना तिने वाचली होती, पेढेही वाटले होते, पण सुधारित गुणपत्रिका घ्यायला ती कधी आलीच नव्हती, आणि पोर्टलवर बदल झाला की नाही हे कोणी पाहिलेही नव्हते. म्हणून तुमच्या तीन ओळींचा विचार तीन वेगळ्या गोष्टी म्हणून करू या. पहिल्या ओळीतला फायदा पदरात पाडून घ्यायचा आहे, दुसरीतला तोटा नियमाला धरून आहे का ते तपासायचे आहे आणि तिसरीतली चूक, ती खरोखर चूक असेल तर, दाखवून द्यायची आहे.

सर्वांत आधी त्या सूचनेची स्वच्छ प्रत मिळवा. मोबाइलवर फोटो काढला असेल तरी परीक्षा विभागातून छापील प्रत मागा आणि तिच्यावर विद्यापीठाचा जावक क्रमांक व दिनांक दिसतो आहे याची खात्री करा. पुढच्या प्रत्येक अर्जात याच क्रमांकाचा उल्लेख करावा लागतो. शिवाय पुढच्या तक्रारींची मुदत अनेकदा सूचनेच्या दिनांकापासून मोजली जाते, ती तुम्ही फलकावर वाचलीत त्या दिवसापासून नव्हे. अशा सूचनेत बहुधा विद्यार्थ्याचे नाव नसते, फक्त आसन क्रमांक असतो. म्हणून आसन क्रमांक, परीक्षेचा महिना व वर्ष आणि विषयाचा सांकेतांक या तीन गोष्टी आपल्या हॉलतिकिटाशी ताडून पाहा. विषयाचे नाव सारखे असूनही जुन्या आणि नव्या अभ्यासक्रमाचे सांकेतांक वेगळे असतात, आणि मुलांचा गोंधळ होतो तो बहुतेक वेळा तिथेच.

आता कॉस्ट अकाउंटिंग. सूचनेत फक्त लेखी परीक्षेचे गुण बदलून दाखवतात. एकूण गुण, श्रेणी आणि सत्राचा एसजीपीआय तिच्यात नसतो, तो नव्याने काढावा लागतो. तो तुम्ही स्वतः काढून ठेवा, म्हणजे पोर्टलवर बदल झाल्यावर तो बरोबर झाला आहे की नाही हे तुम्हाला लगेच कळेल. ३४ आणि १४ मिळून ४८ होतात. तुमच्या गुणपत्रिकेच्या मागे छापलेल्या तक्त्यानुसार ४५ ते ४९.९९ म्हणजे ‘सी’ श्रेणी आणि तिचे श्रेणीगुण ५. या विषयाला ४ क्रेडिट असल्यामुळे इथून २० मिळतात. उरलेल्या विषयांतले मिळवू: फायनान्शियल अकाउंटिंगचे ६२ म्हणजे ८ गुणिले ४, अर्थात ३२, करविषयाचे ५७ म्हणजे ७ गुणिले ३, अर्थात २१, एक्स्पोर्टचे ५४ म्हणजे ६ गुणिले ३, अर्थात १८, कॉमर्सचे ६१ म्हणजे ८ गुणिले ३, अर्थात २४. इकॉनॉमिक्सचे नवे ३५ आणि अंतर्गत १८ मिळून ५३ होतात, म्हणजे ६ गुणिले ३, अर्थात १८. सगळ्यांची बेरीज १३३ येते, आणि एकूण २० क्रेडिटने तिला भागले की एसजीपीआय ६.६५. आजच्या सूचनेनुसार पोर्टलवर हाच आकडा यायला हवा. इकॉनॉमिक्सचे जुने ४१ कायम राहिले असते तर एकूण ५९ होऊन त्या विषयाचे श्रेणीगुण ७ झाले असते, बेरीज १३६ आणि एसजीपीआय ६.८०. हे दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे दोन्हींचे काम पडणार आहे.

पोर्टलवर जुना निकाल दिसतो यात सध्या घाबरण्यासारखे काही नाही. आधी सूचना निघते, मग निकालाच्या मुख्य नोंदवहीत, ज्याला आम्ही लेजर म्हणतो, दुरुस्ती होते, त्यानंतर पोर्टल बदलते आणि शेवटी सुधारित गुणपत्रिका छापून महाविद्यालयाकडे येते. तुमची खरी अडचण आहे ती बारा दिवसांवरच्या पेपरची. तुम्ही उद्याच प्राचार्यांच्या नावे एक साधा अर्ज लिहा. सूचनेचा जावक क्रमांक, तुमचा आसन क्रमांक, जुने व नवे गुण नमूद करा आणि या विषयाचा पुनर्परीक्षेचा अर्ज रद्द करावा, तसेच मी उत्तीर्ण असल्याची लेखी पुष्टी द्यावी, अशी विनंती करा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुनर्परीक्षेचे शुल्क परत मिळण्याचा नियम असेल तर त्याच अर्जात तेही मागा, वेगळा कागद नको.

ही लेखी पुष्टी पेपरच्या आदल्या दिवसापर्यंत मिळाली तर पेपरला जाऊ नका. आधीच उत्तीर्ण झालेल्या विषयाची पुन्हा परीक्षा दिल्याने काही मिळत नाही, उलट एकाच विषयाचे दोन निकाल नोंदीत येऊन घोळ होऊ शकतो. पुष्टी मिळालीच नाही, तर मात्र माझा सल्ला असा की हॉलतिकीट घ्या आणि पेपर द्या. पुढे हा दुसरा निकाल चुकून नोंदला गेला तरी त्याच्या आधीच्या दिनांकाची सूचना आणि शिक्का मारलेला अर्ज तुमच्या हातात असेल, त्यामुळे तो दुरुस्त करून घेता येईल. पेपर चुकवला आणि लेजरमधली दुरुस्तीही राहून गेली, तर हातात काहीच उरणार नाही, आणि ती वेळ तुमच्यावर येऊ नये. या एका विषयाचा थोडा अभ्यास सुरू ठेवायला त्यामुळेच सांगतो.

इकॉनॉमिक्सबद्दल तुम्हाला आवडणार नाही असे उत्तर द्यावे लागत आहे. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जात बहुधा एक हमीपत्र असते, आणि सुधारित गुण वाढोत वा घटोत, ते मला बंधनकारक राहतील, असे त्यात लिहिलेले असते. ऑनलाइन अर्जात ते एका लहानशा चौकटीत असते, तिच्यात टिकमार्क केल्याशिवाय शुल्क भरता येत नाही, आणि घाईत बहुतेक जण तो मजकूर वाचत नाहीत. तशी हमी तुम्ही दिली असेल तर दोन निकालांपैकी चांगला तो निवडण्याचा पर्याय राहत नाही. तरीही दोन गोष्टी तपासायला हव्यात, कारण ही घट नियमात बसते की नाही हे त्यांवरच ठरेल.

पहिली गोष्ट म्हणजे बदलाची मर्यादा. काही विद्यापीठांच्या नियमांत बदल ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरच तो स्वीकारला जातो, नाही तर जुने गुण कायम राहतात. काही ठिकाणी फरक फारच मोठा असेल तर उत्तरपत्रिका तिसऱ्या परीक्षकाकडे जाते. तुमच्या विद्यापीठाचा नियम परीक्षा विभागात मागून स्वतः वाचा, कोणाच्या तोंडून ऐकू नका, आणि टक्केवारी कशाची मोजायची आहे हे शब्दशः पाहा. समजा मर्यादा १० टक्के आहे. ती विषयाच्या कमाल गुणांवर मोजायची असेल तर ७५ चे १० टक्के म्हणजे साडेसात गुण. कॉस्टमधला १२ गुणांचा बदल तिच्या बाहेर जातो, म्हणून तो स्वीकारला जाणे योग्यच आहे. इकॉनॉमिक्समधला ६ गुणांचा बदल मात्र मर्यादेच्या आत आहे, म्हणून तो लागू व्हायलाच नको होता आणि तुमचे ४१ कायम राहायला हवे होते. पण टक्केवारी आधी मिळालेल्या गुणांवर मोजायची असेल तर ४१ चे १० टक्के ४.१ होतात, ६ त्याहून जास्त आहेत, आणि घट नियमानुसार ठरते. नियमातल्या एका शब्दाने तुमचा एसजीपीआय ६.६५ चा ६.८० होऊ शकतो, म्हणून हे वाक्य शोधायला एक दिवस खर्च करणे रास्त आहे. मर्यादा कमाल गुणांवर असल्याचे आढळले तर नियमाचा क्रमांक देऊन विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे, महाविद्यालयामार्फत, दुरुस्तीचा अर्ज करा. यात परीक्षकाच्या निर्णयाविषयी काही म्हणायचे नाही, फक्त नियम लागू करण्यातली चूक दाखवायची आहे, आणि अशा अर्जाला उत्तर मिळणे सोपे जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे बेरीज. गुण घटले ते परीक्षकाने उत्तरांना कमी गुण दिल्यामुळे, की एखाद्या प्रश्नाचे गुण मुखपृष्ठावर चढवायचे राहिल्यामुळे, हे उत्तरपत्रिका पाहिल्याशिवाय कळणार नाही. इकॉनॉमिक्सची छायाप्रत तुम्ही घेतलेली दिसत नाही. विद्यापीठाच्या छायाप्रतीच्या योजनेची मुदत शिल्लक असेल तर त्याच मार्गाने मागा, कारण तो बहुधा लवकरचा असतो. मुदत संपली असेल तर माहितीच्या अधिकाराचा मार्ग उघडा आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा अधिकार आहे. त्याच निकालाने दोन मर्यादाही घातल्या: परीक्षकाची ओळख उघड करता येत नाही, आणि संस्थेने उत्तरपत्रिका जतन करण्याची जी मुदत ठरवली असेल तिच्यापलीकडे ती ठेवण्याचे बंधन या कायद्याने येत नाही. म्हणून अर्ज लांबवू नका.

महाराष्ट्रात या अर्जाचे शुल्क १० रुपये असून त्यासाठी कोर्ट फी स्टॅम्प चालतो, आणि प्रतीचे पानामागे २ रुपये पडतात. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांपर्यंत असावा लागतो. म्हणून इकॉनॉमिक्सच्या उत्तरपत्रिकेच्या अर्जात एक्स्पोर्टची तक्रार मिसळू नका. ‘माझे गुण का कमी झाले’ असा प्रश्न विचारू नका, कारण त्याचे उत्तर कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. मूळ व पुनर्मूल्यांकन अशा दोन्ही वेळच्या गुणनोंदींसह उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत द्यावी, एवढेच मागा. जनमाहिती अधिकाऱ्याला उत्तर देण्यासाठी ३० दिवस असतात. प्रत हाती आल्यावर प्रत्येक उत्तराच्या समासातले गुण एका कागदावर उतरवा, बेरीज करा आणि ती मुखपृष्ठावरच्या चौकटींशी जुळवा. ती जुळत असेल तर परीक्षकाचा निर्णय मान्य करण्यापलीकडे फार काही उरत नाही. न्यायालयेही स्वतः उत्तरपत्रिका तपासत नाहीत, आणि नियमात तरतूद असल्याशिवाय फेरतपासणी मागण्याचा हक्क मानत नाहीत. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या १९८४ च्या खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाची हीच भूमिका राहिली आहे.

मला सगळ्यांत जास्त महत्त्वाची वाटते ती तुमची तिसरी ओळ. ‘नो चेंज’ या शब्दांचा अर्थ दुसऱ्या परीक्षकालाही नेमके तेवढेच गुण योग्य वाटले, असा दर वेळी नसतो. बदलाची मर्यादा असलेल्या विद्यापीठात, नव्या तपासणीत ५ गुण वाढले तरी ते साडेसातच्या आत आहेत म्हणून सूचनेत ‘नो चेंज’च येते. परीक्षकांच्या मतांतला थोडाफार फरक स्वाभाविक असतो आणि प्रत्येक दोन-तीन गुणांसाठी निकाल हलवत बसू नये, असा त्यामागचा विचार आहे, आणि तो मला पटतो. पण एखादे उत्तर तपासायचेच राहून गेले असेल तर तिथे मतांतराचा प्रश्नच येत नाही. ती तपासणीतली चूक आहे आणि मतांतरासाठी ठेवलेल्या मर्यादेत ती बुडून जाणे न्याय्य नाही. त्यामुळे ‘पुन्हा पुनर्मूल्यांकन करा’ अशी मागणी करू नका. ती नाकारली जाईल. ‘उत्तर तपासायचे राहिले आहे, ते तपासून गुण द्यावेत’ अशी, पडताळणीच्या स्वरूपाची मागणी करा.

ही मागणी करण्यापूर्वी छायाप्रत पुन्हा एकदा शांतपणे पाहा, कारण तपासले नाही असे वाटणारे उत्तर पुष्कळदा तपासलेले असते. प्रश्नपत्रिका शेजारी ठेवा. चौथ्या प्रश्नात ‘कोणतेही तीन सोडवा’ असे असेल आणि तुम्ही चार उत्तरे लिहिली असतील तर एक उत्तर जादा ठरते आणि त्याला गुण न देणे बरोबर असते. तुम्ही स्वतः ते उत्तर खोडले आहे का, किंवा त्याला चुकीचा क्रमांक दिला आहे का, हेही पाहा. ४ (ब) च्या ऐवजी ३ (ब) असा क्रमांक घातला असेल तर परीक्षक ते तिसऱ्या प्रश्नाचे जादा उत्तर समजतात. काही परीक्षक पानावर काही खूण न करता प्रश्नाच्या शेवटी सगळ्या उपप्रश्नांचे गुण एकत्र लिहितात, म्हणून चौथ्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीखाली किंवा समासात एखादा आकडा आहे का ते पाहा. तुमच्या विद्यापीठात संगणकाच्या पडद्यावर तपासणी होत असेल तर पानावर लाल शाई नसणे हे न तपासल्याचे लक्षण नाही, कारण तिथे गुण बाजूच्या तक्त्यात भरले जातात. अशा वेळी छायाप्रतीसोबत प्रश्ननिहाय गुणांचा तक्ताही मागावा लागतो. पक्का पुरावा मिळतो तो मुखपृष्ठावर. प्रश्न ४ च्या चौकटीत अ, ब, क यांपैकी ब ची जागा कोरी असेल, किंवा चौकटीतला आकडा केवळ अ आणि क यांच्या बेरजेएवढाच असेल, आणि ब हे तुम्ही निवडलेल्या उत्तरांपैकी असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. जागेत शून्य लिहिलेले असेल तर मात्र उत्तर तपासलेले आहे. तो परीक्षकाचा निर्णय झाला.

हे सगळे पाहूनही उत्तर सुटलेच आहे असे दिसले, तर लगेच संचालकांच्या नावे, महाविद्यालयामार्फत, अर्ज करा. मजकूर साधारण असा ठेवा:

‘महोदय, पाचव्या सत्राच्या एक्स्पोर्ट मार्केटिंग या विषयाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मला मिळाली आहे. तिच्या अमुक पानावर प्रश्न ४ (ब) चे उत्तर लिहिलेले असून त्यावर मूल्यमापनाची कोणतीही नोंद नाही, तसेच मुखपृष्ठावरील प्रश्न ४ च्या चौकटीत (ब) चे गुण नोंदवलेले नाहीत. प्रश्नपत्रिकेतील सूचनेनुसार हे उत्तर गणनेस पात्र आहे. पुनर्मूल्यांकनाच्या अमुक क्रमांकाच्या सूचनेत या विषयात बदल नाही असे दर्शवले आहे. माझी मागणी आधी दिलेल्या गुणांविषयी नसून न तपासलेल्या उत्तराविषयी आहे. ते तपासून, गुण नोंदवून निकाल दुरुस्त करावा ही विनंती. सोबत मुखपृष्ठ, संबंधित पान, प्रश्नपत्रिका व सूचनेची प्रत जोडली आहे.’

यात परीक्षकाविषयी एकही कठोर शब्द नको. उत्तर किती चांगले लिहिले होते याचेही वर्णन नको. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला फाइल उघडून त्या एका पानावर बोट ठेवता आले पाहिजे. तुमच्या बाबतीत यातून किती फरक पडू शकतो तेही लक्षात घ्या. एक्स्पोर्टचे एकूण गुण ५४ आहेत आणि पुढची श्रेणी ५५ ला लागते. सुटलेल्या उत्तराला एक गुण जरी मिळाला तरी श्रेणीगुण ६ चे ७ होतात, बेरीज १३३ ची १३६ होते आणि एसजीपीआय ६.८० वर जातो. इकॉनॉमिक्समध्ये घट झाल्याने जेवढे गेले, नेमके तेवढेच इथून परत येऊ शकते. तुमची शक्ती मर्यादित असेल तर ती इकॉनॉमिक्सपेक्षा या अर्जावर खर्च करा, असे मी म्हणतो ते यासाठी.

संचालकांकडून वाजवी काळात उत्तर आले नाही किंवा कारण न देता नकार आला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत असलेल्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिचा निर्णय मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. पण लोकपाल पुनर्मूल्यांकनाची साधी मागणी ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभाव दाखवून दिला असेल तरच अशी बाब त्यांच्यापुढे टिकते, असे त्या विनियमांत स्पष्ट लिहिले आहे. न तपासलेले उत्तर ही अशीच विशिष्ट अनियमितता आहे, आणि पहिल्या अर्जापासून तुम्ही तिचे नाव नीट घेतले असेल तर पुढच्या पायरीवर तोच कागद कामी येतो. इकॉनॉमिक्समध्ये ‘गुण कमी वाटतात’ एवढेच म्हणणे असेल तर तिथपर्यंत जाण्यात अर्थ नाही.

सुधारित गुणपत्रिका घेताना मूळ गुणपत्रिका परत करावी लागते. ती देण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवा, कारण जुने गुण आणि श्रेणींचा तक्ता तुमच्याकडे तेवढ्याच कागदावर आहे. नवी गुणपत्रिका हातात आली की खिडकीवर उभ्या असतानाच चार नोंदी वाचा: कॉस्टचे ३४ आणि ‘सी’, एकूण क्रेडिट २०, एसजीपीआय, आणि परीक्षेचा महिना व वर्ष. शेवटची नोंद विसरू नका. पुनर्मूल्यांकनाने मूळ परीक्षेचाच निकाल सुधारतो, म्हणून नव्या गुणपत्रिकेवर सहसा मूळ परीक्षेचाच महिना असतो. तिथे पुनर्परीक्षेचा महिना पडला तर पुढे नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या अर्जात हा विषय दुसऱ्या प्रयत्नात सुटला असे दिसेल. एक्स्पोर्टचा निर्णय तोवर झाला नसेल तरी ही गुणपत्रिका घ्या. तो निर्णय तुमच्या बाजूने लागला की पुन्हा सुधारित प्रत मिळते, आणि सहाव्या सत्राचा निकाल लागेल तेव्हा पाचव्या सत्राचे ‘एफ’ तुमच्या आड येणार नाही.